कुत्र्याचं १०२.८ आणि बोक्याचं ९९: यात काळजीचं कोणतं?

प्रश्न: “नागपूर. लॅब्रॅडॉर, नर, ४ वर्षं, ३२ किलो. संध्याकाळी फिरून आल्यावर अंग गरम लागलं म्हणून घरच्या डिजिटल थर्मामीटरने शी-च्या जागी बघितलं तर १०२.८. जेवतोय, खेळतोय. बोकाही आहे, ५ वर्षांचा. त्याचं काखेत ९९ आलं, म्हणजे त्याला ताप नाही ना? तो कालपासून गप्प आहे, नीट खात नाही, सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, बहुतेक बद्धकोष्ठ. लॅबला अर्धी क्रोसिन देऊ का? किती आकड्यापर्यंत नॉर्मल समजायचं?”

आधी बोक्याचं बघा, लॅबचं नंतर. पुढचं वाचायच्या आधी ट्रेमधली वाळू हाताने चाळा आणि गेल्या बारा तासांत लघवीचा ओला गोळा झालाय का ते बघा. नसेल, किंवा थेंबभरच ओल असेल, तर आज रात्रीच दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका. नर मांजराचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट कचरा अडकला की लघवी तुंबते, आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथत राहतो. घरच्यांना ते हमखास बद्धकोष्ठ वाटतं. पोटाच्या मागच्या भागात, मागच्या पायांच्या पुढे, हलक्या हाताने चाचपल्यावर लिंबापासून छोट्या संत्र्याएवढा कडक गोळा लागला तर ते तुंबलेलं मूत्राशय समजा. दाबून लघवी काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, ते फुटू शकतं. गोळा लागला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, जाड्या बोक्यात तो हाताला लागत नाही.

आता त्या ९९ चं. माणसाच्या हिशेबाने ९९ म्हणजे जवळपास नॉर्मल, म्हणून तुम्हाला हायसं वाटलं. मांजराचं नॉर्मल साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, कुत्र्याचं १०१ ते १०२.५. त्या मापाने ९९ हा थंड पडत चाललेल्या मांजराचा आकडा आहे. पण तो काखेतला आहे, आणि काखेतलं माप खऱ्या तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी कमी येऊ शकतं. किती कमी, हे त्या मांजराच्या केसांवर, चरबीवर आणि तुम्ही पाय किती घट्ट दाबून धरला यावर ठरतं, त्यामुळे “काखेतलं अधिक दीड” असा ठोकताळा लावता येत नाही. म्हणजे तुमच्या बोक्याचं खरं तापमान १००.५ असू शकतं, ९९ ही असू शकतं. पहिलं ठीक, दुसरं वाईट. काखेतल्या आकड्यावरून यातलं कुठलं ते कळणार नाही.

मांजर थंड का पडतं, ते कळलं की या आकड्याचं वजन कळेल. लघवी तुंबली की शरीराबाहेर जायला हवं ते पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय मंदावतं. रक्ताभिसरण ढासळलं की शरीर उष्णता तयारही करू शकत नाही आणि ती पोहोचवूही शकत नाही. म्हणून दवाखान्यात अशा बोक्याचं तापमान आणि ठोके एकत्र वाचतात. टेबलावर घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला १६० ते २२० असायला हवेत. ते १२० च्या खाली आणि अंगही थंड, असं दिसलं की रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच पोटॅशियम वाढलंय असं धरून उपचार सुरू होतात. थोडक्यात, गंभीर आजारी जनावराला ताप असतोच असं नाही. पार्व्हो या विषाणूचा आजार झालेल्या कुत्र्याच्या पिल्लाचं पहिल्या दिवशी १०४ असतं, उलट्या-जुलाबांनी पार खचलं की ९८ वर येतं, आणि घरचे म्हणतात ताप उतरला. तो उतरलेला ताप नसतो, ते शॉकमध्ये जात असतं.

म्हणून बोक्याचं तापमान पुन्हा घ्या, पण शी-च्या जागीच. तो झटापट करत असेल किंवा धापा टाकत असेल तर नाद सोडा आणि तसाच घेऊन जा. लघवी झालेली नसेल तर आकडा काहीही आला तरी निर्णय बदलत नाही. लघवी नीट होत असेल तर मात्र आकडा उपयोगाचा आहे. १०० च्या वर असेल आणि खाणं थोडंफार सुरू असेल तर सकाळपर्यंत थांबता येईल. ९९ ते १०० मध्ये असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. ९९ च्या खाली आला तर आजच, आणि ९८ च्या खाली आला तर लगेच निघा. नेताना धड चादरीत गुंडाळा आणि कोमट पाण्याची बाटली फडक्यात बांधून पोटाशी ठेवा. उघडी बाटली किंवा हेअर ड्रायर नको, थंड पडलेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही.

माप कसं घ्यायचं हेही नीट सांगतो, कारण घरी येणारे अर्धे विचित्र आकडे इथेच तयार होतात. टोक वाकणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काचेचा पाऱ्याचा वापरू नका, जनावर अचानक बसलं की तो आत तुटतो. कपाळावर रोखायची बंदूक केसांवर काहीही आकडा दाखवते. टोकाला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. एकाने जनावराचं डोकं आणि छाती कवेत धरायची, दुसऱ्याने शेपटी वर उचलायची. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त मागची बाजू उघडी ठेवली की सोपं जातं. टोक हलकं फिरवत आत सरकवा, मोठ्या कुत्र्यात साधारण एक इंच, मांजरात अर्धा ते पाऊण इंच. मग दांडी थोडी तिरकी करा, म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकेल. ही पायरी बहुतेकजण विसरतात. टोक शी-मध्ये रुतलं तर ते शी-चं तापमान मोजतं आणि आकडा कमी येतो. बाहेर काढल्यावर टोकाला शी चिकटलेली दिसली आणि आकडा अनपेक्षित कमी असेल तर तो धरू नका, पुसून पुन्हा घ्या.

बीप वाजेपर्यंत थांबा आणि मग आणखी पाच सेकंद. स्वस्त थर्मामीटर तापमान चढायचा वेग मंदावला की बीप देतात, आणि जनावर हलल्याने टोक सुटलं की ती बीप लवकर वाजते. स्क्रीनवर `Lo` आलं तर मशीन बिघडली असं समजू नका. आत नीट घालूनही `Lo` येत असेल तर तापमान त्या थर्मामीटरच्या मोजमापाच्या खाली आहे, बहुतेकांत ही सीमा ३२ सेल्सिअसच्या आसपास असते, आणि ती सरळ जिवावरची वेळ आहे. आकडा ३९ वगैरे दिसला तर थर्मामीटर सेल्सिअसवर आहे. ३८.३ म्हणजे १०१, ३९.२ म्हणजे १०२.५ आणि ४० म्हणजे १०४, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. काम झालं की साबण आणि गार पाण्याने धुऊन स्पिरिटने पुसा, आणि त्यावर चिकटपट्टी लावून “कुत्रा-मांजर” असं लिहा. घरातल्या लहान मुलाच्या तोंडात तो जायला नको.

आता लॅब. १०२.८ हा आकडा खरा असणार, पण तो कधी घेतला यावर सगळं आहे. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांतून, तोही नावापुरता येतो. बाकी उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर जाते. बत्तीस किलोचा काळा किंवा पिवळा लॅब नागपूरच्या उन्हाळ्यात, दिवसभर तापलेल्या रस्त्यावरून अर्धा तास चालून आला तर १०३ सहज येतं, चेंडूमागे पळाला असेल तर १०४ सुद्धा. तो ताप नाही, ती साठलेली उष्णता आहे. पंख्याखाली किंवा कूलरसमोर तासभर शांत पडू द्या, पाणी प्यायलं की पुन्हा घ्या. १०२.५ किंवा कमी आलं तर विषय संपला. दवाखान्यात घेतलेल्या मापाचंही असंच होतं. गाडीतून आलेलं, समोर अनोळखी कुत्रं बघितलेलं मांजर टेबलावर १०३ दाखवतं आणि घरी ते १०१.५ असतं. म्हणून एकट्या आकड्यावर आम्ही निदान ठरवत नाही.

साठलेली उष्णता आणि ताप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की उपचार उलटे होतात. मेंदूच्या तळाशी तापमान ठरवणारा भाग आहे. संसर्ग झाला की शरीरातली रसायनं त्याला सांगतात की आता १०१ नको, १०४ ठेव. मग शरीर मुद्दाम तापायला लागतं. तापमान चढत असताना ते उष्णता आत राखायला त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून अशा वेळी कुत्र्याचे कान आणि पंजे गार लागतात आणि आतलं तापमान १०४ असतं. तो अंग चोरून, शेपटी नाकाशी घेऊन पडतो, कधी थरथरतो, उबेची जागा शोधतो. ऊन लागलेला कुत्रा याच्या अगदी उलट वागतो. तो पाय मागे-पुढे फेकून थंड फरशीवर पोट टेकून पसरतो, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, हिरड्या विटकरी लाल होतात. त्याच्या मेंदूने तापमान वाढवायला सांगितलेलंच नसतं, ते हाताबाहेर गेलेलं असतं.

यावरूनच दोघांचं काय करायचं ते ठरतं. खरा ताप असलेल्या कुत्र्याला गार पाण्याने आंघोळ घातली तर मेंदू १०४ मागतच राहतो, कुत्रा थरथरून आणखी उष्णता तयार करतो आणि थकतो. त्याला सावली, पाणी आणि तपासणी पुरे. ऊन लागलेल्याला मात्र जागच्या जागी गार करायला हवं, आणि ते दवाखान्यात निघायच्या आधी. नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, मुख्यतः पोट, जांघा, काखा आणि पंजे, आणि वर पंखा चालू ठेवा. वाऱ्याने पाणी उडतं तेव्हाच उष्णता जाते. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. काही मिनिटांत तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि वारा अडवतो. दर पाच मिनिटांनी तापमान बघा आणि १०३.५ आलं की भिजवणं थांबवा. थांबवल्यावरही ते थोडं खाली घसरत राहतं, तिथेच न थांबल्यास कुत्रं उलट थंड पडतं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. ऊन लागलेला कुत्रा घरी बरा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवा. किडनी, यकृत आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी बाहेर येते.

तर तुमच्या लॅबचं. तासाभराच्या विश्रांतीनंतर १०२.५ ते १०३ च्या मध्ये अडकलं आणि तो नेहमीसारखा जेवत असेल, तर उद्या सकाळ-संध्याकाळ पुन्हा घ्या, आज औषध नाही. विश्रांतीत १०३ च्या वर दोनदा आलं तर एक-दोन दिवसांत दाखवा, जेवण टाकलं असेल तर वाट बघू नका. १०४ च्या वर त्याच दिवशी. १०६ म्हणजे वेळ मिनिटांची आहे, आणि आपल्याकडे तिथपर्यंत पोहोचलेलं कुत्रं बहुतेक वेळा उन्हाचं असतं, संसर्गाचं क्वचित. दोन-तीन दिवसांत लस दिली असेल तर दिवसभराचा हलका ताप त्यामुळे येऊ शकतो. दुसऱ्या दिवशीही राहिला तर मात्र त्याला लसीचा म्हणू नका.

आकड्याच्या पलीकडे एक गोष्ट तुम्ही आजच बघू शकता. आपल्याकडे कुत्र्याला चढ-उतार करणारा ताप आला की पहिला संशय गोचिडांच्या तापाचा असतो, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेशिया. कानाच्या आत, पट्ट्याखाली, पायाच्या बोटांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवा. मग ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबल्यावर झालेला पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या फिक्या असतील, पोटाच्या कातडीवर बारीक लाल-जांभळे ठिपके असतील, नाकातून रक्त आलं असेल किंवा लघवी काळ्या चहासारखी असेल, तर तापमान १०१.५ असलं तरी रक्ताची काचेवरची तपासणी आणि प्लेटलेट्स करून घ्या. एर्लिकिया जुना झाला की ताप राहत नाही, फक्त प्लेटलेट्स खाली येत राहतात. म्हणजे आकडा नॉर्मल, म्हणून कुत्रा नॉर्मल, हे गोचिडांच्या तापात तरी धरून चालत नाही. गोचीड सापडली नाही याचाही अर्थ ती नव्हतीच असा नाही, पोटभर रक्त पिऊन ती गळून पडते.

बोक्याच्या बाबतीत ताप आलाच असता तर पहिली शंका मी भांडणाच्या चाव्याची घेतली असती. मांजराचा सुळा सुईसारखा आत जातो, वरची जखम दिवसभरात मिटते आणि आत पू साठतो. १०४-१०५ ताप, पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी दुखरी सूज, आणि मांजर पलंगाखाली. केसांत लपलेली खपली हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. आणि जाडं मांजर दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिलं तर यकृतात चरबी साठायला लागते. म्हणून मांजराची उपासमार ताप असो-नसो दुसऱ्या दिवसाच्या पुढे जाऊ द्यायची नसते.

क्रोसिनबद्दल उत्तर स्पष्ट आहे, नको. लॅबला नको, आणि बोक्याच्या जवळपासही नको. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायला यकृतात जे एन्झाइम लागतं ते मांजरात फार कमी असतं. त्यातून तयार होणारं विषारी द्रव्य रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. माणसाची एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. कुत्र्यात डॉक्टर कधीकधी वजनाप्रमाणे मोजून पॅरासिटामॉल देतात, पण ते कारण कळल्यावर. कॉम्बिफ्लाम आणखी वाईट, त्यात आयबुप्रोफेन आहे आणि त्याने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, किडनी जाते. तिसरं कारण साधं आहे. गोळी दिली की ताप दडतो, आणि उद्या टेबलावर जे १०४ दिसायला हवं होतं ते १०२ दिसतं. आधीच काही दिलं असेल तर लाजू नका, कुठली गोळी, किती आणि किती वाजता दिली हे डॉक्टरांना आधी सांगा. तुमचा कुत्रा खाजेसाठी स्टेरॉइडवर किंवा सांधेदुखीच्या गोळीवर असेल तर तेही सांगा, त्यांनीही ताप झाकला जातो.

कमी आकडा नेहमी वाईटच, असं मात्र नाही. गाभण कुत्रीचं तापमान ९९ च्या खाली आलं तर बहुधा चोवीस तासांत पिल्लं होतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात तिचं दिवसातून दोनदा बघतात. आणि जन्मलेल्या पिल्लाचं पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ असणं बरोबर आहे, त्याला अजून स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. महिनाभराने ते मोठ्यांच्या आकड्यावर येतं. ९५ च्या खाली गेलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि मग दूध, कारण गार पिल्लाची आतडी चालत नाहीत आणि दूध छातीत जायची भीती असते.

तुमच्या दोघांचा स्वतःचा आकडा काय, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, हीच खरी अडचण आहे. नेहमी १००.८ वर राहणाऱ्या मांजराला १०२.५ म्हणजे हलका तापच असू शकतो, आणि तक्त्यात तो नॉर्मलमध्ये बसतो. लॅब ठणठणीत असेल तेव्हा तीन दिवस सकाळी फिरायच्या आधी आणि रात्री झोपायच्या आधी घ्या. रात्रीचा आकडा थोडा जास्त येईल, ते चालतं. फोनमध्ये लिहून ठेवा. बोक्याचं बरा झाल्यावर घ्या, त्याला इतक्या वेळा आवडणार नाही, दोनदा घेतलं तरी खूप.

दवाखान्यात फोन करताना “बोक्याला ताप नाही पण गप्प आहे” असं सांगू नका, रांगेत बसवतील. “नर मांजर, पाच वर्षं, कालपासून खात नाही, सारखा ट्रेमध्ये बसतोय, इतक्या तासांत लघवी दिसलेली नाही, तापमान इतकं” एवढं एका दमात सांगा. रात्री डॉक्टर आहेत का, आणि लघवी मोकळी करणारी नळी म्हणजे कॅथेटर घालायची सोय तिथे आहे का, हे तेव्हाच विचारून घ्या. सगळ्या छोट्या दवाखान्यांत ती नसते, आणि तिथे जाऊन परत फिरण्यात जाणारा तास बोक्याकडे नसतो.